लांब ओळ दुमडायची कुठे? एका कवितासंग्रहाच्या मांडणीचे पाच महिने

१० जून २०२४ ला चार दोनशेपानी वह्या हातात आल्या. खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या ६४ कविता, पुस्तक स्वखर्चाने काढायचं, प्रती ३००. छापील पुस्तक नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. मधल्या पाच महिन्यांतला बराचसा वेळ एकाच प्रश्नात गेला: कवितेची ओळ पानात मावली नाही तर तिचं काय करायचं? कवितासंग्रह स्वतः काढणाऱ्यांना हा प्रश्न पहिलं प्रूफ हातात येईपर्यंत दिसतच नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

पहिली अडचण टायपिंगच्याही आधीची. वहीची ओळ संपली की हाताने लिहिणारा माणूस खाली येतो. तो कवितेची ओळ संपली म्हणून खाली आला की कागद संपला म्हणून, हे टाइप करणाऱ्याला कळत नाही, आणि तो दोन्ही ठिकाणी एंटर मारतो. गुरुजींच्या निम्म्या कविता त्यांच्या नातीने मोबाइलवर टाइप केल्या होत्या आणि त्यांत अशा शंभरेक खोट्या ओळी निघाल्या. छंदातल्या कवितेत ही चूक मात्रा मोजल्या की पकडता येते. मुक्तछंदात पकडायला काहीच नसतं. शेवटी टाइप केलेला सगळा मजकूर छापून गुरुजींकडे दिला आणि दोन पेनं दिली. जिथे खरंच नवी ओळ आहे तिथे हिरवी रेघ, जिथे आधीचीच ओळ पुढे चालू आहे तिथे लाल. ओळीच्या सुरुवातीला मुद्दाम जागा सोडली असेल तर किती, तेही त्यांनी एक किंवा दोन टिंबांनी दाखवायचं. गुरुजींनी त्याला सोळा दिवस लावले. मृग कोरडा गेला नव्हता आणि त्यांची भाताची लावणी आली होती, त्यामुळे घाई करणं शक्यच नव्हतं. कागद परत देताना एवढंच म्हणाले, "काय बी कर, पण माझी ओळ मोडू नकोस."

ते अक्षरशः पाळणं शक्य नव्हतं. का, ते पुढे येतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मजकूर बेळगावात शहापूरमधल्या अण्णा नावाच्या एका डीटीपीवाल्यांकडे दिला. दर पानाला ४० रुपये. आठवड्याने नमुना आला: क्राऊन आकार, सगळ्या कविता पानाच्या मध्यावर घेतलेल्या. "मध्यात घेतलंय की ओ, कविता म्हटल्यावर असंच करतात," अण्णा म्हणाले. लग्नपत्रिकेत हे शोभतं. कवितेत प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू झाली की डोळ्याला परत यायला ठिकाण राहत नाही, आणि कवीने मुद्दाम आत घेतलेली ओळ ओळखूच येत नाही, कारण सगळ्याच ओळी कमीजास्त आत असतात. वर लांब ओळी मनाला येईल तिथे तुटून खालच्या ओळीच्या मध्यावर एखादा शब्द एकटा लोंबत होता.

क्राऊन का, तर कवितेचं पुस्तक लहान असतं अशी समजूत आणि कागदाची बचत. आकाराचं गणित थोडं सांगतो, कारण पुढचा निर्णय त्यावर होता. क्राऊनचा कागद २० बाय ३० इंच. त्याचे सोळा भाग केले की ५ बाय साडेसात, कापून पावणेपाच बाय सव्वासात इंच उरतं, म्हणजे साधारण १२१ बाय १८४ मिलिमीटर. आतून १६ आणि बाहेरून १३ मिलिमीटर समास सोडला की ओळीला ९२ मिलिमीटर मिळतात. डेमीचा कागद २३ बाय ३६ इंच. त्याचं पान कापून साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४० बाय २१६ मिलिमीटर. आतून १८, बाहेरून १५ सोडले तर ओळीला १०७ मिलिमीटर. ए-५ घेतलं तर पान १४८ मिलिमीटर रुंद आणि ओळीला ११५.

आता कुठला आकार? इथे अंदाजाने बोलू नये. मोजायची एक सोपी युक्ती आहे. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कवितेची प्रत्येक ओळ हा स्वतंत्र परिच्छेद असेल, तर मजकुरात कर्सर ठेवून `Info` पॅनेल उघडायचं. तिथे `Lines` आणि `Paragraphs` असे दोन आकडे दिसतात. एकही ओळ दुमडली नसेल तर दोन्ही सारखे. जितका फरक, तितक्या वेळा ओळ दुमडलेली आहे. चौकटीची रुंदी बदलायची आणि पुन्हा आकडा बघायचा. सगळा मजकूर चौकटीत मावलेला हवा, बाहेर सांडलेला असला तर मोजणी चुकते.

ही मोजणी करायला आधी फाइल नीट करावी लागली. नातीच्या टायपिंगमध्ये आणि अण्णांच्या फाइलमध्ये ओळींच्या शेवटी कुठे एंटर होता, कुठे शिफ्ट-एंटर. दिसायला दोन्ही सारखेच. पण शिफ्ट-एंटरने ओळ बदलते, परिच्छेद बदलत नाही. त्यामुळे आख्खं कडवं एक परिच्छेद होतं आणि पहिल्या ओळीचा इंडेंट फक्त कडव्याच्या पहिल्या ओळीला लागतो, बाकीच्या ओळींना नाही. लपलेल्या खुणा दाखवा म्हटलं की खऱ्या एंटरला ¶ दिसतं आणि शिफ्ट-एंटरला ¬. शोधून बदलायचं:

```
Find:    ^n
Replace: ^p
```

हे इनडिझाइनचं. मजकूर वर्डमध्ये असतानाच करायचं असेल तर तिथे `^n` च्या जागी `^l` लागतं. त्याच फेरीत स्पेसबार मारून केलेले सगळे इंडेंट पुसले आणि ओळीच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागाही काढल्या. या शेवटच्या जागा निरुपद्रवी वाटतात, पुढे त्यांनीच एक दिवस खाल्ला.

मोजणी अशी आली. एकूण ओळी सुमारे ११८०, फॉन्ट १२ पॉइंट. क्राऊनमध्ये १४८ दुमडी, डेमीत ३७, ए-५ मध्ये २१. डेमीत फॉन्ट साडेअकरा केला तर २६. क्राऊनचा निकाल तिथेच लागला. ए-५ मोहात पाडत होतं, पण २३ इंची कागदाचे चार भाग केले की पावणेसहा इंच, म्हणजे १४६ मिलिमीटर मिळतात, आणि ए-५ ला कापल्यानंतर १४८ हवेत. म्हणजे डेमीच्या कागदात ते बसतच नाही. मोठा कागद घेऊन कड फेकायची. डिजिटल छपाईत हा प्रश्न येत नाही, ऑफसेटवर येतो. सोळा दुमडी वाचवायला एवढं करण्यात अर्थ नव्हता. साडेअकरा पॉइंटही सोडून दिला. हे पुस्तक वाचणाऱ्यांत गुरुजींच्या वयाचे लोक जास्त असणार.

उरल्या ३७. त्यांतली एक नमुन्यादाखल घेतो:

मलप्रभेच्या पाण्यात बाप पाय सोडून बसायचा तेव्हा संध्याकाळ त्याच्या घोट्यापर्यंत यायची आणि थांबायची

ही ओळ १२ पॉइंटात १३४ मिलिमीटर भरली. हिला पुरेल असं पान करायचं तर पुस्तक शाळेच्या वहीएवढं रुंद होईल आणि बाकीच्या कविता त्यात एका कडेला पडून राहतील. तेव्हा दुमडणं आलंच. प्रश्न एवढाच, की वाचणाऱ्याला ही दुमड आहे, नवी ओळ नाही, हे कळावं कसं. अण्णांनी सुचवलेला उपाय वेगळा होता: तेवढ्या ओळीची अक्षरं आडवी ९० टक्के करायची आणि दोन अक्षरांतली जागा कमी करायची. हे करू नका. अक्षर आडवं दाबलं की उभ्या काड्या बारीक होतात आणि शिरोरेषेची जाडी मात्र तशीच राहते, त्यामुळे ती ओळ शेजारच्या ओळींपेक्षा वेगळ्या फॉन्टातली वाटते. जागा कमी केली तर मात्रा आणि रफार पुढच्या अक्षरावर चढतात. उलट दोन्ही कडा जुळवायला अक्षरांतली जागा वाढवली तर शिरोरेषाच तुटते. म्हणून कवितेत जस्टिफाय नको, हायफनेशन बंद, आणि ओळी आपोआप समतोल करणारं `Balance Ragged Lines` पण बंद. ते चालू राहिलं तर लांब ओळ बरोबर मध्यात तुटते आणि दोन समान ओळी असल्याचा भास होतो.

दुमडलेला भाग आत घ्यायचा, हा जुना छापखान्याचा रिवाज. पण किती आत? पहिल्या प्रयत्नात १२ मिलिमीटर घेतला आणि फसलो. गुरुजींच्या स्वतःच्या इंडेंटांना मी ६ आणि १२ मिलिमीटर ठरवले होते. त्यामुळे दुमड आणि कवीची दोन टिंबांची ओळ एकाच जागी येऊ लागली. वरच्याच कवितेत पुढची ओळ कवीने एक टिंब आत घेतलेली आहे. दोन्हींत फरक दिसलाच पाहिजे. शेवटी नियम केला: दुमड नेहमी २४ मिलिमीटरवर, ओळ कुठूनही सुरू झालेली असो. म्हणजे तीन परिच्छेद-शैली झाल्या. साध्या ओळीला डावा इंडेंट २४ आणि पहिल्या ओळीचा इंडेंट उणे २४. एका टिंबाच्या ओळीला २४ आणि उणे १८. दोन टिंबांच्या ओळीला २४ आणि उणे १२. तिन्हींच्या दुमडी एकाच उभ्या रेषेत येतात, आणि दोनचार पानं वाचली की वाचकाचा डोळा ती रेषा ओळखू लागतो. पान असं दिसलं:

मलप्रभेच्या पाण्यात बाप पाय सोडून बसायचा तेव्हा संध्याकाळ त्याच्या घोट्यापर्यंत
        यायची आणि थांबायची
  मी काठावर त्याच्या चपला राखत

इथे दुमड नशिबाने चांगल्या जागी आली. क्राऊनमध्ये हीच ओळ ‘त्याच्या’ नंतर तुटून ‘घोट्यापर्यंत’ खाली गेलं होतं. षष्ठीचा शब्द वर आणि त्याचं नाम खाली, हे वाचताना अडखळवतं. सदतीस ओळी एकेक करून बघितल्या. अकरा ठिकाणी तुटण्याची जागा हाताने बदलली, तीही शिफ्ट-एंटरनेच, कारण इथे परिच्छेद तोच राहायला हवा. क्रियापद आणि ‘नाही’, नाम आणि त्याचा शब्दयोगी, ‘की’ आणि त्याच्या आधीचा शब्द, एवढ्या जोड्या सांभाळल्या. पण हाताने टाकलेली तोड फॉन्ट किंवा रुंदी बदलली की चुकीच्या जागी उरते, म्हणून हे काम आकार पक्का झाल्यावरच करावं.

एकटा शब्द खाली लोंबणं मात्र हाताने बघत बसावं लागत नाही. परिच्छेद-शैलीत `GREP Style` मध्ये शेवटच्या दोन शब्दांना ‘नो ब्रेक’ लावता येतं:

```
\S+\s\S+$
```

म्हणजे दुमड झालीच तर किमान दोन शब्द सोबत उतरतात. माझ्याकडे पाच ओळींत हे लागूच होईना. कारण तेच: पुन्हा टाइप केलेल्या दुरुस्त्यांत ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली होती, आणि हा नियम शेवटी अक्षर असेल तरच जुळतो.

छोट्या ओळींच्या कवितांचं उलटं. चारपाच शब्दांच्या ओळी डाव्या समासाला चिकटवल्या की पान एका बाजूला कलतं. तिथेही मध्यावर घेणं नको. ओळी डावीकडून सरळच ठेवायच्या आणि आख्खी कविता आत सरकवायची. मी दोनच जागा ठेवल्या, समासाला लागून आणि २० मिलिमीटर आत. प्रत्येक कवितेसाठी वेगळं सरकवणं हौशीने करून पाहिलं, पण पानं उलटताना कविता डोलते आहे असं वाटायला लागलं.

ऑगस्टमध्ये दोन गोष्टींनी वेळ घेतला. एक, फॉन्ट. अण्णांच्या फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. त्यांचा हात त्यावर बसलेला. पण आमचा मजकूर मोबाइलवरून आलेला, युनिकोड. रूपांतरात ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं. भीमगडच्या जंगलावरच्या कवितेत एकदम समुद्र आला! शब्द दोन्ही खरे असल्यामुळे असली चूक प्रूफ वाचताना निसटते. ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘सुऱ्या’ असे शब्द शोधून तपासले आणि मग युनिकोडवरच थांबायचं ठरलं. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घेतला. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी `Adobe World-Ready` कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं विस्कटतात. फॉन्ट बदलला की ओळींची रुंदी बदलते, म्हणून वरची मोजणी मी याच फॉन्टात पुन्हा केली होती. दिलेले आकडे त्याचेच.

दुसरी गोष्ट कन्नड. तीन कवितांत बाजारातल्या बोलण्याच्या कन्नड ओळी आहेत आणि त्या कन्नड लिपीतच हव्यात असा गुरुजींचा आग्रह. सीमाभागात तो रास्तच. कन्नड जोडाक्षराचं दुसरं व्यंजन खाली लोंबतं आणि त्याच्याखालच्या मराठी ओळीवर मात्रा, रफार, चंद्रबिंदू वर उठलेले. दोघे भिडतात. ओळींमधलं अंतर `Auto` वर असेल तर ते अक्षराच्या पॉइंटावर ठरतं, त्यामुळे कन्नड अक्षर लहान केलं की त्या ओळीची जागा बाकीच्या ओळींपेक्षा कमी होते. म्हणून अंतर सगळीकडे १८ पॉइंट पक्कं केलं आणि कन्नड अक्षर साडेदहा पॉइंटवर आणलं. १२ पॉइंट मराठीशेजारी ते उंचीला जुळलं आणि टक्करही थांबली. कन्नड अक्षरं रुंद असतात, त्यामुळे दुमडीच्या दृष्टीनेही लहान करणं बरं पडलं.

आयएसबीएनचा अर्ज याच महिन्यात `isbn.gov.in` वर केला. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी. ओळखपत्र आणि शीर्षकपानाचा मसुदा अपलोड करावा लागला. क्रमांक यायला आमचे साडेतीन आठवडे गेले. कोणी पैसे मागितले तर समजून घ्या की ते त्याच्या स्वतःच्या खिशासाठी आहेत.

सप्टेंबरात गणपतीत छापखाना जवळजवळ बंदच होता. ते दिवस पानं पाडण्यात घालवले. डेमीच्या पानात वर १८ आणि खाली २२ मिलिमीटर सोडले की १७६ मिलिमीटर उंची राहते. १८ पॉइंटच्या अंतराने त्यात २७ ओळी बसतात. शीर्षकाला चार ओळींची जागा, म्हणजे पहिल्या पानावर २३. कडव्यांमध्ये पूर्ण एक ओळ मोकळी. अर्धी ओळ सोडली तर समोरासमोरच्या पानांच्या ओळी एका पातळीत येत नाहीत, आणि पातळ कागदावर मागची छपाई ओळींच्या मधून डोकावते.

यात सर्वांत फसवी जागा पानाचा तळ. कडवं नेमकं पानाच्या शेवटच्या ओळीवर संपलं तर मधली मोकळी ओळ दिसतच नाही. चारचार ओळींची कडवी असतील तर वाचक समजून घेतो. गुरुजींच्या मुक्तछंदात कडवी दोन ओळींचीही आहेत आणि अकराचीही. तिथे पान उलटल्यावर कडवं नवं की तेच, हे कळायला मार्ग नाही. असं नऊ ठिकाणी होत होतं. उपाय उलटा वाटतो, पण तो असा की पान कडव्याच्या मध्येच तोडायचं, दोन्हीकडे किमान दोन ओळी राहतील असं. त्यासाठी समोरासमोरची दोन्ही पानं एकेक ओळ आखूड केली. एकच पान आखूड करू नये, लगेच डोळ्यात भरतं. दोन पानांच्या कविता डाव्या पानावर सुरू केल्या, म्हणजे पान न उलटता कविता पूर्ण दिसते. त्यासाठी काही कवितांचा क्रम बदलावा लागला. गुरुजी दोन ठिकाणी तयार झाले, तिसऱ्या ठिकाणी नाही. तिथे ती कविता उजव्या पानावरच सुरू होते.

पानं ११२ झाली, सोळाच्या पटीत, सात फॉर्म. सोळाच्या पटीत येत नसेल तर छापखाना कोरी पानं घालतो किंवा अर्धा फॉर्म लावतो. आधी विचारून ठेवावं.

शेवटचं प्रूफ खऱ्या मापात बघायला हवं. ए-४ वर छापताना प्रिंटरला `Fit` ऐवजी `Actual Size` सांगायचं, पट्टीने १४० मिलिमीटर मोजून खात्री करायची, मग कटरने कापून पिन मारायची. स्क्रीनवर ठीक वाटलेल्या चार दुमडी या कापलेल्या प्रतीत खटकल्या. आतल्या समासाचे १८ मिलिमीटरही तेव्हाच पटले, कारण चिकटवलेल्या बांधणीत पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि ओळीची पहिली अक्षरं घडीत जातात. गद्यात वाचक अंदाजाने वाचून नेतो. इथे ओळ किती आत सुरू होते हे दिसलंच पाहिजे.

खर्च: डीटीपीचे ११२ पानांचे ४,४८०, फुकट गेलेल्या क्राऊन नमुन्याचे आणि दुरुस्त्यांचे मिळून १,८००, प्रूफं साडेचारशे, मुखपृष्ठ ३,०००, ऑफसेट छपाई आणि बांधणी ३०० प्रतींची ३१,५००. पीडीएफ देताना फॉन्ट आत बसवलेले आहेत ना ते तपासलं, आणि छापखान्याला लेखी कळवलं की पीडीएफच छापायची, फाइल उघडून काही ‘नीट’ करायचं नाही.

छपाई दिवाळीनंतर झाली. ग्रंथ प्रदान कायदा, १९५४ प्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. ती चार पाकिटं रजिस्टरने गेली, पावत्या फाइलला लावल्या. गुरुजींनी पुस्तक उघडून आधी मलप्रभेची कविताच काढली, दुमडलेल्या भागावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही माझीच ओळ न्हवं?" मी हो म्हटलं. "मग आत का शिरलीय?" दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावनेनंतर दुमडीच्या खुणेबद्दल एक ओळ छापायची, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.